बीमच्या रिंगा: कटिंग लेंथ आणि संख्या – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिंगांच्या हिशेबाबद्दल तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून सगळे एका ठिकाणी घेतलेत. सगळीकडे एकच बीम धरलाय, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतील. बीम २३० × ४५० मिमी, दोन कॉलममधला क्लिअर स्पॅन ४००० मिमी, कव्हर २५ मिमी, रिंग ८ मिमीची. "डी" असं लिहिलंय तिथे रिंगच्या सळईचा डाया समजा, इथे ८ मिमी. मेन बारचा डाया कुठे लागला तर तसं वेगळं लिहिलंय.

१. कटिंग लेंथ काढायला नेमकी कोणती मापं लागतात? स्पॅनपण लागतो का?

नाही, कटिंग लेंथचा स्पॅनशी काही संबंध नाही. एक रिंग किती लांब कापायची हे बीमची रुंदी, खोली, कव्हर, रिंगचा डाया आणि हुकचं सरळ टोक यावर ठरतं. स्पॅन आणि स्पेसिंग लागतात ते रिंगा किती हे काढायला. हे दोन हिशेब वेगवेगळे ठेवा, एकाच सूत्रात कोंबायला गेलं की गोंधळ होतो. मेन बारचा डायासुद्धा साध्या दोन पायांच्या रिंगला लागत नाही, तो चार पायांच्या रिंगला लागतो (प्रश्न १० बघा).

२. कव्हर रिंगपर्यंत मोजायचं की मेन बारपर्यंत?

रिंगच्या बाहेरच्या कडेपर्यंत. आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत नॉमिनल कव्हर हे रिंगसकट सगळ्या स्टीलला धरलेलं आहे, म्हणजे काँक्रीटच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून सगळ्यात पहिल्यांदा जी सळई लागेल तिथपर्यंत, आणि बीममध्ये ती रिंगच असते. म्हणून रिंगचं बाहेरून बाहेर माप असं येतं:

रुंदी = २३० − २५ − २५ = १८० मिमी
खोली = ४५० − २५ − २५ = ४०० मिमी

जुन्या ड्रॉइंगमध्ये कधी कधी "कव्हर टू मेन बार" असं लिहिलेलं सापडतं. तसं असेल तर २५ मधून रिंगचे ८ गेले, रिंगबाहेर उरलं फक्त १७ मिमी, आणि रिंगची रुंदी १९६ येईल. असं दिसलं की आकडा घेऊन पुढे जाऊ नका, ज्याने ड्रॉइंग काढलंय त्याला विचारा, कारण १७ मिमी कव्हर आजच्या नियमात बसत नाही (सौम्य वातावरणाला २० आणि मध्यमला ३० मिमी लागतं). वर आणि खाली वेगळं कव्हर दिलं असेल तर दोन्ही वेगवेगळं वजा करायचं, सरसकट दुप्पट नाही.

आणि कव्हर ब्लॉक रिंगच्या खाली बसवायचा. मेन बारखाली ठेवला की रिंग त्याच्या खाली लोंबते आणि कागदावरचं २५ प्रत्यक्षात १७ होतं.

३. मग कटिंग लेंथचं सूत्र काय? एक उदाहरण सोडवून दाखवा.

मी वापरतो ते सूत्र बघून बऱ्याच जणांना हे फारच सोपं आहे असं वाटतं:

कटिंग लेंथ = २ × (बाहेरची रुंदी + बाहेरची खोली) + २ × हुकचं सरळ टोक

आपल्या बीमला सरळ टोक ६५ मिमी धरलं (का ते प्रश्न ५ मध्ये) तर २ × (१८० + ४००) म्हणजे ११६०, त्यात १३० मिळवले, झाले १२९० मिमी. संपलं. बेंडचं वजा करणं विसरलो नाहीये, ते का लागत नाही ते पुढच्याच प्रश्नात आहे आणि तो प्रश्न नीट वाचा कारण सगळी भांडणं तिथेच होतात.

४. सगळीकडे ९० च्या बेंडला २ डी आणि १३५ च्या बेंडला ३ डी वजा करा असं सांगतात, तुम्ही का नाही करत? आणि मला १२२४ उत्तर येतं, मित्राला ११९२ येतं, कोणाचं बरोबर?

आधी वजा का करतात ते बघू. "सळई वाकवली की लांबते म्हणून वजा करायचं" असं कारण सांगितलं जातं पण खरं कारण साधं भूमितीचं आहे. आपण बाहेरची मापं मोजतो तेव्हा टेप थेट कोपऱ्याच्या टोकापर्यंत जातो आणि तिथून काटकोनात वळतो. सळई तशी वळत नाही, ती कोपऱ्याच्या आधीच गोल वळायला लागते. ८ मिमीची सळई ४ डी म्हणजे ३२ मिमीच्या पिनवर वाकवली तर आतली त्रिज्या १६ मिमी, आणि वळण कोपऱ्याच्या २४ मिमी आधी सुरू होऊन कोपऱ्यानंतर २४ मिमीवर संपतं. टेपने मोजले ४८ मिमी. सळईच्या मधल्या रेषेवर त्रिज्या २० मिमी, त्यामुळे काटकोनाच्या वळणाची खरी लांबी ३१.४ मिमी. फरक १६.६ मिमी, म्हणजे जवळपास २ डी. हेच ते २ डी, आणि ते फक्त बाहेरच्या मापांना लागू पडतं.

तुम्ही मापं सेंटर लाइनची घेतली (१७२ आणि ३९२) तर कोपऱ्यापासून वळण २० मिमीवर सुरू होतं, दोन्ही बाजूंचे ४० मिमी, खरी लांबी तीच ३१.४, फरक ८.६ मिमी म्हणजे फक्त १ डी. मित्राचं ११९२ कसं आलं ते आता दिसेल. त्याने सेंटर लाइन घेऊन घेरात ३२ मिमी आधीच कमी केले आणि वर परत २ डी वजा केले, एकाच गोष्टीचे पैसे दोनदा कापले.

आता हुक. हुकच्या टोकालाही वळण कोपऱ्याच्या २४ मिमी आधी सुरू होतं पण इथे सळई १३५ अंश वळते, त्या वळणाची लांबी ४७ मिमी. म्हणजे कोपऱ्यापर्यंतच्या मापापेक्षा वळण संपेपर्यंत २३ मिमी जास्त लागतात आणि सरळ टोक त्यानंतर सुरू होतं. थोडक्यात हुकला सुमारे ३ डी मिळवायचे असतात, वजा नाही. तुमच्या १२२४ मध्ये १० डीच्या हुकमधून ३ डी वजा झालेत, उरले ७ डी, त्यातले जवळपास ३ डी वळणातच गेले आणि सरळ टोक उरलं साधारण ३३ मिमी. कागदावर हुक ८० चा दिसतोय, रिंगवर टेप लावला तर ३३.

म्हणून आता बेरीज करा. तीन काटकोनी कोपऱ्यांत ५० मिमी वाचतात, दोन हुकांच्या वळणात ४६ मिमी जास्त लागतात, जाऊन येऊन ४ मिमीचा फरक. तो फरक कापणीच्या चुकीतच जिरतो. म्हणून प्रश्न ३ चं सूत्र चालतं, काही वजा न करता. अट एवढीच की पिन साधारण ४ डीची हवी आणि रिंगला तीन काटकोन व दोन १३५ चे हुक हवेत. पिन बारीक असेल (२ डी) तर सळई कोपऱ्याच्या जास्त जवळून वळते, सरळ टोक दोन्हीकडे साधारण ७–८ मिमीने वाढतं, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते, पण बारीक पिनवर वाकवल्याने सळईला बाहेरून चिरा पडू शकतात त्यामुळे तो काही फायदा नव्हे.

५. हुक १० डी धरायचा, ७५ मिमी, की ६ डी? तिन्ही ऐकलंय.

तिन्ही कुठून ना कुठून आलेत. भूकंपरोधक डिटेलिंगच्या आयएस १३९२० मध्ये १९९३ साली १३५ अंशांच्या हुकनंतर १० डी, किमान ७५ मिमी असं होतं. २०१६ च्या आवृत्तीत ते ६ डी, किमान ६५ मिमी झालं. ८ मिमीला ६ डी म्हणजे ४८ येतात, पण किमान ६५ असल्याने ६५ च धरायचे. १० मिमीलाही ६० विरुद्ध ६५, म्हणजे ६५. १२ मिमीला मात्र ७२ लागतात.

महत्त्वाचं म्हणजे हे माप वळण संपल्यानंतरच्या सरळ भागाचं आहे. वळणासकट ६५ नाही. ड्रॉइंगवर १० डी स्पष्ट लिहिलं असेल तर तेच घ्या, सूत्रात ६५ ऐवजी ८० टाका, १३२० येतील.

६. रिंगांची संख्या काढताना क्लिअर स्पॅन घ्यायचा की सेंटर टू सेंटर?

क्लिअर स्पॅन, म्हणजे कॉलमच्या कडेपासून कडेपर्यंत. सेंटर टू सेंटर स्पॅन डिझाइनसाठी असतो, रिंगा मोजायला नाही, कारण कॉलमच्या आत बीमच्या रिंगा घालायच्याच नसतात (प्रश्न ११). आणि पहिली रिंग कॉलमच्या कडेपासून जास्तीत जास्त ५० मिमीवर येते, म्हणून दोन्हीकडचे ५० आधी वजा करायचे:

संख्या = (क्लिअर स्पॅन − २ × ५०) ÷ स्पेसिंग + १

आपल्या बीमला १५० मिमी स्पेसिंग सगळीकडे असेल तर (४००० − १००) ÷ १५० = २६, अधिक १ = २७ रिंगा. हेच ५० वजा न करता केलं तर २८ येतात आणि २३० च्या दोन कॉलमच्या मधोमध धरून ४२३० ने केलं तर ३०. एका बीमला तीन रिंगा जास्त हे किरकोळ वाटेल, पण पूर्ण स्लॅबचे बीम मोजले की आकडा बराच फुगतो.

७. तो अधिक १ कशाला? आणि भागाकार अपूर्णांकात आला तर?

भागाकाराने गाळे मोजले जातात, रिंगा नाही. २६ गाळ्यांच्या दोन्ही टोकांना रिंग असते म्हणून २७.

अपूर्णांक आला की आधी वरच्या पूर्णांकावर न्या आणि मग १ मिळवा. समजा क्लिअर स्पॅन ४१०० आहे, ४००० ÷ १५० = २६.६७, गाळे २७ धरा, रिंगा २८. मग प्रत्यक्ष स्पेसिंग ४००० ÷ २७ म्हणजे १४८ होतं. बांधताना १५० ने मोजत गेलं तर शेवटचा गाळा शंभरचा उरतो, तेही चालतं. खाली उतरवून २६ गाळे केले तर स्पेसिंग १५४ होतं, म्हणजे ड्रॉइंगपेक्षा जास्त, ते चालत नाही. ड्रॉइंगवरचं स्पेसिंग ही कमाल मर्यादा असते, त्याच्या आत राहायचं.

शीटमध्ये करायचं असेल तर B1 मध्ये क्लिअर स्पॅन, B2 मध्ये ५०, B3 मध्ये स्पेसिंग टाका:

```
=ROUNDUP((B1-2*B2)/B3,0)+1
```

८. माझ्या ड्रॉइंगमध्ये टोकांना १०० आणि मध्ये २०० स्पेसिंग आहे, मी तीन भाग करून प्रत्येकात +१ केलं, बरोबर आहे ना?

नाही, दोन रिंगा जास्त मोजल्या जातील. भाग जिथे जुळतात तिथली रिंग एकच असते, पण ती दोन्ही भागांत धरली गेली.

आपल्याच बीमवर करू. ड्रॉइंग म्हणतंय दोन्ही कॉलमच्या कडेपासून ८२० मिमीपर्यंत १०० वर, मध्ये २०० वर. (८२० कुठून आले? टोकाजवळ इफेक्टिव्ह डेप्थच्या दुप्पट लांबीत रिंगा जवळ घेतात, आणि ४५० खोल बीमची इफेक्टिव्ह डेप्थ साधारण ४१० असते.) डावीकडून पहिली रिंग ५० वर. तिथून ८२० पर्यंत ७७० मिमी, १०० ने भागले ७.७, वरचा पूर्णांक ८ गाळे, म्हणजे ९ रिंगा आणि शेवटची येते ८५० वर. ८२० चं ८५० झालं तर काही बिघडत नाही, उलट झालं असतं तर बिघडलं असतं. उजवीकडेही तसंच, ९ रिंगा, आतली रिंग ३१५० वर.

मध्ये उरलं ८५० ते ३१५०, म्हणजे २३००. भागिले २०० = ११.५, गाळे १२. पण या १२ गाळ्यांच्या दोन्ही टोकांच्या रिंगा आधीच मोजून झाल्यात, म्हणून मध्ये नवीन रिंगा फक्त १२ − १ = ११. एकूण ९ + ९ + ११ = २९. तुमच्या पद्धतीने मध्ये १३ येऊन ३१ झाले असते.

लक्षात ठेवायला सोपं असं की टोकाच्या भागात गाळे अधिक एक, मधल्या भागात गाळे वजा एक. आणि मेन बारचा लॅप कुठे येतो तेही ड्रॉइंगवर बघा, लॅपच्या लांबीत स्पेसिंग २०० चालत नाही, तिथे १५० पेक्षा जास्त ठेवू नये असा नियम आहे, मग मधल्या भागाचे परत तुकडे पडतात आणि मोजायचं याच रीतीने.

९. कँटिलिव्हर बीमला एकच कॉलम असतो, मग संख्या कशी? आणि बीम टोकाकडे निमुळता असेल तर?

कँटिलिव्हरला कॉलमकडून ५० आणि मोकळ्या टोकाकडून जेवढं कव्हर आणि थोडी जागा लागते तेवढं वजा करा, मी साधारण ४० धरतो. १५०० मिमीचा कँटिलिव्हर, स्पेसिंग १००: (१५०० − ५० − ४०) ÷ १०० = १४.१, गाळे १५, रिंगा १६. इथे ०.१ साठी एक गाळा वाढतोय म्हणून सोडून द्यावासा वाटेल, नका सोडू, स्पेसिंग ९४ होऊ द्या.

निमुळता असेल तर प्रत्येक रिंगची खोली वेगळी, त्यामुळे एकाच लांबीच्या सोळा रिंगा कापून चालत नाही. समजा खोली कॉलमकडे ४५० आणि टोकाला २३० आहे. पहिली रिंग ५० वर, तिथे बीमची खोली सुमारे ४४३, शेवटची १४६० वर, तिथे सुमारे २३६. फरक २०७ मिमी, १५ गाळ्यांत वाटला की दर रिंगमागे जवळपास १४ मिमी खोली कमी, आणि खोलीच्या बाजू दोन असल्याने कटिंग लेंथ दर रिंगमागे साधारण २८ मिमीने कमी होते. पहिली रिंग २ × (१८० + ३९३) + १३० = १२७६, पुढची १२४८, असं करत जायचं. कापताना प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर टाका, नाहीतर सगळ्या एका ढिगात पडल्या की कोणती कुठली ते शोधण्यातच दिवस जातो. स्टीलचं वजन काढायचं असेल तर पहिल्या आणि शेवटच्या लांबीची सरासरी गुणिले १६ पुरते.

१०. रुंद बीमला चार पायांची रिंग दिलीय, आतल्या रिंगची कटिंग लेंथ कशी काढायची?

बाहेरची रिंग नेहमीसारखीच. आतल्या रिंगची खोली तीच, रुंदी मात्र मधल्या दोन मेन बारांना कवेत घेईल एवढी, आणि इथे मेन बारचा डाया लागतो.

बीम ३०० × ४५० घ्या, खाली १६ मिमीचे ४ बार. बाहेरच्या रिंगची रुंदी ३०० − ५० = २५०. दोन कोपऱ्यांतल्या बारांचं सेंटर टू सेंटर अंतर = २५० − ८ − ८ − १६ = २१८. चार बार म्हणजे तीन गाळे, एक गाळा ७२.७. आतली रिंग मधल्या एका गाळ्याला वेढते, तर तिची बाहेरची रुंदी = ७२.७ + १६ + ८ + ८, जवळपास १०५ मिमी. कटिंग लेंथ प्रश्न ३ च्या सूत्राने: बाहेरची २ × (२५० + ४००) + १३० = १४३०, आतली २ × (१०५ + ४००) + १३० = ११४०.

बारांची संख्या वर आणि खाली वेगळी असेल, म्हणजे खाली ४ आणि वर ३ वगैरे, तर आतली रिंग वरच्या बारांना नीट धरतच नाही. तिथे रिंग कापायच्या आधी ड्रॉइंगवाल्याशी बोला.

११. कॉलमच्या आत आणि दोन बीम जिथे मिळतात तिथे रिंगा टाकायच्या का?

कॉलममधून बीमचे मेन बार जातात पण बीमच्या रिंगा तिथे टाकत नाहीत, जॉइंटमध्ये कॉलमच्या रिंगा चालू ठेवायच्या असतात. (त्या वगळल्या जातात ही वेगळी आणि जास्त गंभीर तक्रार आहे, पण ती कॉलमच्या हिशेबात.)

मेन बीमला सेकंडरी बीम मिळतो तिथे मेन बीमच्या रिंगा न थांबता पुढे जातात, उलट सेकंडरीचा भार तिथे येत असल्याने ड्रॉइंगमध्ये बऱ्याचदा दोन्ही बाजूंना जास्तीच्या रिंगा दिलेल्या असतात, त्या वेगळ्या मोजून मिळवा. सेकंडरी बीमचा क्लिअर स्पॅन मात्र मेन बीमच्या कडेपासून धरायचा आणि पहिली रिंग तिथून ५० वर, बाकी प्रश्न ६ प्रमाणेच.

१२. एकूण स्टील किती लागेल आणि १२ मीटरच्या सळईत किती रिंगा निघतात?

प्रश्न ८ चा बीम घेतला तर २९ × १.२९ मीटर = ३७.४१ मीटर. ८ मिमी सळईचं वजन मीटरला ०.३९५ किलो (डायाचा वर्ग भागिले १६२), म्हणजे साधारण १४.८ किलो.

सळया मात्र अशा मोजू नका. १२००० ÷ १२९० = ९.३, म्हणजे एका सळईत ९ रिंगा आणि ३९० मिमीचा तुकडा वाया. २९ रिंगांना ३ सळया पूर्ण आणि चौथीतून २ रिंगा.

इथेच एक मोह होतो तो सांगून ठेवतो. कटिंग १२०० केली तर सळईत बरोब्बर १० रिंगा बसतात आणि तुकडा शून्य, म्हणून काही साइटवर या मापाच्या बीमला गुपचूप १२०० च कापतात. पण रिंगचं बाकी सगळं माप तेच राहतं, कमी होतं ते फक्त हुकचं सरळ टोक, आणि ते ६५ चं २२ मिमी होतं. तेवढं टोक आत काँक्रीटमध्ये धरून राहत नाही, कव्हर फुटलं की हुक उघडतो. दुसरीकडे १२२४ कापा, १२९० कापा की १३२० कापा, तिन्हीमध्ये सळईला ९ च रिंगा निघतात. म्हणजे १२९० ऐवजी १२२४ कापून या बीमला एकही सळई वाचत नाही, फक्त उरलेले तुकडे थोडे लांब होतात.

१३. साइटवर रिंगा तयार होऊन आल्यात, कटिंग बरोबर होतं का हे आता कसं ओळखू?

ढिगातून चार-पाच रिंगा कुठूनही उचला. आधी बाहेरून बाहेर रुंदी आणि खोली मोजा, १८० आणि ४०० यायला हवी. मग हुकचं वळण जिथे संपतं तिथून टोकापर्यंत मोजा, ६५ हवेत. रुंदी-खोली बरोबर आणि टोक आखूड असेल तर कटिंग कमी झालंय. टोक बरोबर आणि रुंदी वाढलेली असेल तर वाकवणाऱ्याची खूण सरकलीय, आणि मग कव्हर खाल्लं जाणार. एक हुक ९० चा आणि दुसरा वरवर बघता १३५ चा वाटणारा असेल तर कोनाला कडक राहा, सरळ टोक आतल्या गाभ्याकडे तिरकं जायला हवं.

बरं हे सगळं नंतर करण्यापेक्षा सुरुवातीला एकच रिंग कापून, वाकवून, मोजून बघा आणि मगच बाकीची कटिंग चालू करा. पिन वेगळी असल्याने सरळ टोक ७० आलं तर कटिंग १० ने कमी करा, ६० आलं तर १० ने वाढवा (टोकं दोन आहेत म्हणून फरकाच्या दुप्पट). ती पहिली रिंग नमुना म्हणून बाजूला टांगून ठेवा, पुढच्या सगळ्या तिच्यावर ठेवून तपासता येतात.

१४. सगळ्या रिंगा बांधल्या पण दोन-तीन कमी पडल्या, स्पेसिंग थोडं वाढवून बसवू का?

नको. टोकाजवळचं तर अजिबात नको, तिथे १०० चं ११५ करून वाचवलेली रिंग सगळ्यात जास्त गरजेच्या जागेवरून काढलेली असते. आधी बघा की मधल्या भागात चुकून १०० वर बांधत गेलेत का, बरेचदा तेच निघतं, बांधणारा टोकाकडून एकाच मापाने येत राहतो आणि ८५० ची खूण कुणी केलेलीच नसते. शटरिंगच्या कडेवर ५०, ८५०, ३१५० आणि ३९५० अशा चार खुणा आधी करून द्या. तरीही कमी पडल्या तर नव्या कापा, दोन रिंगांना अडीच मीटरपेक्षा थोडी जास्त सळई लागते.